‘डॉक्टरांनी पाच वर्षं दिली’ म्हणजे नेमकं काय? स्तनाच्या कॅन्सरमधला आकडा रुग्णाला सांगताना वारंवार पडणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या एका रुग्णालयात कॅन्सरच्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम आहे. डॉक्टर तपासतात, उपचार ठरवतात; त्यानंतर ‘आता म्हणजे काय?’ हा प्रश्न घेऊन माणसं माझ्या टेबलापाशी बसतात. त्यात सगळ्यात जास्त गोंधळ एका आकड्याचा असतो, पाच वर्षांच्या सर्व्हायव्हलचा. इथे मी स्तनाच्या कॅन्सरपुरतंच लिहिते आहे. घरच्यांना, आशाताईंना आणि नव्याने ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरांनाही ते उपयोगी पडावं.

डॉक्टरांनी मला पाच वर्षं दिलीत, असंच ना?

नाही. हा गैरसमज इतक्या वेळा ऐकलाय की पहिलं उत्तर याचंच द्यायला हवं.

‘पाच वर्षांचा सर्व्हायव्हल ६५ टक्के’ याचा अर्थ असा: अशाच आजाराच्या, अशाच टप्प्यावरच्या १०० बायका घेतल्या, तर आजार कळल्यापासून पाच वर्षांनी त्यांतल्या साधारण ६५ जिवंत होत्या. पाच वर्षं हा मोजणीचा दिवस आहे, आयुष्याची मुदत नाही. त्या ६५ जणींमधल्या कित्येक पुढे दहा, पंधरा, वीस वर्षंही जगतात. उरलेल्या ३५ जणींपैकी कुणी पहिल्या वर्षात गेलेली असते, कुणी चौथ्या.

गडबड ‘टक्के’ या शब्दातही आहे. आपल्याकडे टक्के म्हटलं की दहावीचा निकाल आठवतो. एका रुग्णाचा मुलगा ६५ ऐकून म्हणाला, “म्हणजे फर्स्ट क्लास, पास झाली आई.” दुसऱ्या घरात त्याचा अर्थ ‘६५ टक्के बरी होईल, थोडं दुखणं राहील’ असा लावला गेला, कारण ‘आता ऐंशी टक्के बरं आहे’ असं आपण तब्येतीबद्दल रोज म्हणतो. तिसऱ्या घरात ‘पाच वर्षं’ एवढेच दोन शब्द कानात राहिले. एकाच वाक्याचे तीन अर्थ निघाले आणि तिन्ही चुकले. म्हणून मी टक्के हा शब्द टाळते, ‘शंभर बायकांमधल्या इतक्या’ असंच म्हणते.

मग पाचच वर्षं का मोजतात?

तुलना करता यावी म्हणून सगळ्यांनी धरलेली ती एक सोयीची रेघ आहे. बऱ्याच कॅन्सरांमध्ये आजार उलटण्याचा धोका पहिल्या काही वर्षांत जास्त असतो, आणि पाच वर्षांपर्यंत रुग्णांची खबर ठेवणं नोंदणी करणाऱ्यांना जमतं. शरीरात पाचव्या वाढदिवशी काही घडतं, असं नाही.

हा आकडा येतो कुठून?

आपल्या देशात काही ठरावीक भागांत कॅन्सरची लोकसंख्येवर आधारित नोंदणी चालते. मराठवाड्याच्या उंबऱ्यावर, बार्शीला १९८७ मध्ये अशी नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातली ती देशातली पहिली. अशा नोंदणीत त्या भागात राहणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नोंद घ्यायची असते, मग तो मोठ्या शहरातल्या दवाखान्यात गेलेला असो की अर्ध्यावर उपचार सोडून घरी बसलेला. पुढे ती व्यक्ती हयात आहे का, हे दवाखान्याच्या कागदांवरून, मृत्यूच्या नोंदींवरून, फोन करून, कधी घरी जाऊन पाहिलं जातं.

२०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या बायकांची देशातल्या ११ नोंदणी केंद्रांतली माहिती एकत्र केली गेली. स्तनाच्या कॅन्सरचा पाच वर्षांचा आकडा ६६.४ टक्के निघाला. पण ही सरासरी आहे आणि एकट्या बाईला सांगायला ती फारशी कामाची नाही. टप्प्यानुसार पाहिलं की चित्र बदलतं. गाठ स्तनापुरतीच होती त्यांच्यात ८१ टक्के, काखेतल्या गाठींपर्यंत किंवा आसपास पोचली होती त्यांच्यात ६५.५ टक्के, आणि हाडं, यकृत, फुप्फुस अशा लांबच्या जागी गेली होती त्यांच्यात १८.३ टक्के. सरासरी सांगितली तर पहिल्या गटातली बाई उगाच घाबरेल आणि तिसऱ्या गटातल्या बाईला खोटी आशा लागेल.

आणखी एक बारकावा. हे आकडे ‘सापेक्ष’ असतात, म्हणजे कॅन्सर नसलेल्या त्याच वयाच्या बायकांशी तुलना करून काढलेले. हार्ट अटॅकने किंवा अपघाताने झालेले मृत्यू कॅन्सरच्या खात्यावर पडू नयेत, हा त्यामागचा हेतू. चाळिशी-पन्नाशीच्या बाईला सांगताना या फरकाने फारसं बिघडत नाही, पण पंचाहत्तरीच्या आजीला सांगताना ध्यानात ठेवावा.

प्रत्यक्ष सांगायचं कसं? एखादं उदाहरण द्याल?

देते. केज तालुक्यातल्या एका गावची मावशी, वय सत्तेचाळीस. डाव्या स्तनात चार सेंटिमीटरची गाठ, तुकडा तपासून कॅन्सर निघाला. काखेतल्या गाठींत आजार पोचलेला, पण हाडं, यकृत, फुप्फुसं तपासणीत साफ. म्हणजे वर सांगितलेला मधला गट. डॉक्टरांनी घाईच्या ओपीडीत मुलाला सांगितलं, “पाच वर्षांचा सर्व्हायव्हल पासष्ट टक्के आहे.” मुलाने आईला काहीच सांगितलं नाही. पण दाराआडून तिने ऐकलं होतं. दुसऱ्या केमोनंतर ती यायची थांबली. मी फोन केल्यावर एकटीच आली.

“मॅडम, पोरगं सांगंना, पर मला कळालंय. पाच वर्षं दिलीत ना मला? पाचच वर्षं ऱ्हायलीत तर पोराचा पैका कशाला जाळू? धाकटीचं लगीन व्हायचंय.”

योजनेत उपचार मोफत होते, तरी गाडीभाडं, बुडालेली मजुरी, सोबतच्या माणसाचं जेवण हे सगळं खर्चच. तिचा हिशोब तिच्या जागी बरोबर होता. त्यातली पहिली ओळ तेवढी चुकली होती.

मी लगेच आकडा काढला नाही. आधी विचारलं, “तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? काहींना सगळं हवं असतं, काहींना फक्त पुढे काय करायचं तेवढंच.” ती म्हणाली, “समदं सांगा. अर्धं आइकून तर झोप उडालीय.” ही परवानगी फार महत्त्वाची. न मागितलेला आकडा डोक्यात दगडासारखा बसतो.

मग एका कोऱ्या कागदावर दहा ओळींत दहा-दहा टिंबं काढली. शंभर. म्हटलं, “या तुमच्यासारख्याच शंभर बायका. गाठ काखेपर्यंत गेलेली, पुढे कुठे नाही. कुणी उपचार पुरे केले, कुणी मध्येच सोडले. पाच वर्षांनी त्यांची मोजदाद केली.” पासष्ट टिंबांना गोल केले. “या जिवंत होत्या.” उरलेल्या पस्तीस टिंबांवर बोट ठेवून तेवढ्याच आवाजात म्हटलं, “या नव्हत्या.” मग थांबले. इथे थांबणं अवघड जातं, काहीतरी गोड बोलून ती शांतता भरून टाकावीशी वाटते. पण तेव्हाच माणूस विचार करत असतो.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “यातली मी कोणती?”

“ते मला माहीत नाही, मावशी. डॉक्टरांनाही नाही. आधीच्या बायकांचं काय झालं एवढं या कागदाला ठाऊक आहे. तुमचं नाव एकाही टिंबावर लिहिलेलं नाही.”

पस्तीसचं नाव काढायची काय गरज होती? नुसतं ‘बऱ्याच जणी जगतात’ म्हटलं असतं तर?

घरचे हे फार कळकळीने विचारतात, आणि त्यांचा हेतू प्रेमाचाच असतो. पण एकच बाजू सांगितली की माणूस दुसरी बाजू मनात स्वतः रचतो, आणि ती खऱ्यापेक्षा मोठी तरी होते किंवा नाहीशी तरी होते. ‘६५ जगतात’ आणि ‘३५ दगावतात’ हे गणित एकच, पण ऐकणाऱ्याच्या मनावर परिणाम अगदी वेगळा. दोन्ही सांगितले, तेही एकाच शंभरातून, तरच तोल राहतो. ‘तिघींतली एक’, ‘६५ टक्के’, ‘हजारात साडेतीनशे’ अशी मापं एकाच बोलण्यात बदलू नयेत. ज्वारीचा भाव एकदा क्विंटलने, एकदा पायलीने सांगितला तर कोण समजेल?

‘बऱ्याच जणी’, ‘चान्स चांगला आहे’ अशा शब्दांनाही मी घाबरते. डॉक्टरांच्या मनात ‘चांगला’ म्हणजे शंभरात साठ असेल, ऐकणाऱ्याच्या मनात पंच्याण्णव. आजार उलटला की घरचे म्हणतात, “तुम्ही तर चांगला म्हणला होता.” विश्वास जातो तो तिथे.

मग त्या शंभर बायका आणि आमची आई, यांच्यात काहीच फरक नाही?

फरक आहे, आणि तो सांगायलाच हवा. पण आकडा फुगवून नव्हे.

आकडा फक्त टप्पा पाहतो. तुकड्याच्या तपासणीत हार्मोन रिसेप्टर, हर-टू असं जे लिहून येतं, त्याचा आजाराच्या स्वभावाशी आणि औषधांच्या निवडीशी थेट संबंध असतो. मावशीचा रिसेप्टर पॉझिटिव्ह होता, म्हणजे ऑपरेशन, केमो, शेक यानंतर वर्षानुवर्षं रोज घ्यायची गोळी तिच्यावर चालणार होती. ही जमेची बाजू. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्यावर वेगळी इंजेक्शनं आहेत. हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर आणि हर-टू असे तिन्ही निगेटिव्ह असतील तर पहिली तीन-चार वर्षं जास्त जोखमीची. शिवाय २०१२-१५ च्या बायकांना तेव्हाचे उपचार मिळाले होते. आजचे काही ठिकाणी अधिक चांगले आहेत. आकडा नेहमी थोडा मागचाच असतो.

दुसरं म्हणजे उपचार पूर्ण होणं. आपल्या बीड-धाराशिवकडे हा मुद्दा पुस्तकी नाही. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यावर निघतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि केमोची तारीख तर एकवीस दिवसांनी ठरलेली. तिसरा डोस चुकतो, चौथा दोन महिने लांबतो. त्या शंभर टिंबांमध्ये अशा बायकाही आहेत. म्हणून मी म्हणते, “आकड्यातला काही भाग उपचार पुरे होण्यावर आहे, आणि तेवढ्यापुरतं आपल्या हातात आहे.” उपचार पुरे केले तर ६५ चे अमुक इतके होतील, असं मात्र मी कधीच म्हणत नाही. तसा हिशोब एका माणसापुरता कुणाला मांडता येत नाही. आणि पुढे आजार उलटला तर ‘मीच कुठेतरी कमी पडले’ हा बोल ती स्वतःला लावते, हेही मी पाहिलंय.

मुलाने मोबाईलवर अमेरिकेतला ९० टक्के आकडा वाचला. तो का सांगत नाही?

तिकडे स्तनाच्या कॅन्सरचा एकूण आकडा ९० च्या आसपास आहे, हे खरं. पण तिकडे नियमित मॅमोग्राफीत, हाताला गाठ लागण्याआधीच बऱ्याच बायकांचा आजार सापडतो. आपल्याकडे गाठ लिंबाएवढी होऊन, पाऊस-पेरणी उरकून मग बाई दवाखाना गाठते. म्हणजे त्या ९० टक्क्यांमधल्या पुष्कळ बायका आपल्या ८१ च्या गटातल्या.

शिवाय यात एक चकवा आहे. आजार दोन वर्षं आधी सापडला तर घड्याळही दोन वर्षं आधी सुरू होतं. मृत्यूची तारीख बदलली नाही तरी ‘निदानानंतरची वर्षं’ वाढलेली दिसतात. त्यामुळे दोन देशांचे एकूण आकडे शेजारी ठेवून ‘तिकडे नेलं असतं तर आई वाचली असती’ असा निष्कर्ष काढू नये. मुलं या एका वाक्यावर जमीन विकायला निघालेली मी पाहिली आहेत. मोबाईलवर आकडा दिसला तर तीन गोष्टी बघाव्यात: कुठल्या देशातला, कुठल्या सालचा, कुठल्या टप्प्याचा. यातली एकही लिहिलेली नसेल तर तो आकडा सोडून द्यावा.

दोन वर्षं झाली, तपासण्या साफ आहेत. आता आकडा तोच का?

नाही, बदलतो, आणि हे रुग्णाला क्वचितच सांगितलं जातं.

समजण्यापुरते आकडे घेऊ. समजा शंभरातल्या ८४ जणी दोन वर्षांनी हयात होत्या आणि ६५ पाच वर्षांनी. आज दोन वर्षं पार केलेली बाई आता शंभरातली राहिली नाही, ती ८४ जणींमधली आहे. त्या ८४ पैकी ६५ पाच वर्षांच्या रेघेपर्यंत पोचतात, म्हणजे शंभराच्या मापाने सुमारे ७७. ज्या १६ जणी आधी गेल्या, त्यांचं ओझं तिच्या हिशोबातून उतरलं. म्हणून पहिल्या दिवशीचा कागद तिसऱ्या वर्षी वापरू नये, नवा काढावा. फक्त आधी तपासणी साफ असल्याची खात्री करावी. आजार उलटला असेल तर हा हिशोब लागू नाही.

पाच वर्षं पूर्ण झाली म्हणजे सुटलो?

स्तनाच्या कॅन्सरमध्ये, विशेषतः हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह असेल तर, असं म्हणता येत नाही. हा आजार दहा-पंधरा वर्षांनीही उलटू शकतो. पाच वर्षं झाली म्हणून पेढे जरूर वाटावेत, पण गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. काहींना ती दहा वर्षंही घ्यावी लागते. दाखवायला येणंही सोडू नये.

आईला सांगू नका, तिला सहन होणार नाही. हे योग्य आहे का?

दर आठवड्याला कुणीतरी मुलगा मला बाजूला घेऊन हे सांगतो. मी त्याच्याशी वाद घालत नाही. विचारते, “तुम्हाला काय वाटतं, आईला आत्ता काय माहीत असेल?” बहुतेक वेळा तोच म्हणतो, “तिला संशय आलाय.” मग म्हणते, “मी आकडा लादणार नाही. पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही.”

आणि रुग्णालाच विचारते, “हे सगळं तुम्हाला सांगू की घरातल्या कुणाला?” एका आजींनी सरळ थोरल्या लेकाकडे बोट दाखवलं: “त्यालाच सांगा, मला नगं.” तो त्यांचा निर्णय होता, मी तिथेच थांबले. न ऐकण्याचा हक्क रुग्णाचा असतो. तो नातेवाइकांनी तिच्या वतीने परस्पर वापरू नये, एवढंच माझं म्हणणं.

चौथी स्टेज, म्हणजे आजार लांबच्या जागी गेलेला असेल तर १८ हा आकडा कसा सांगायचा?

बहुतेक वेळा मी तो सांगतच नाही, कारण तिथे पाच वर्षांची रेघच उपयोगाची राहत नाही. ती बाई विचारत असते, “दिवाळी बघीन का? नातू शाळेत जाईल तेव्हा असेन का?” तिला काळ हवा असतो.

आधी स्पष्ट सांगावं लागतं की आजार मुळासकट जाणार नाही, पण तो आवरून धरता येतो आणि दुखणं कमी करता येतं. त्यानंतर तिने विचारलं तर एक तारीख न देता तीन टप्पे सांगावेत. ही रीत ऑस्ट्रेलियातल्या कॅन्सरतज्ज्ञांनी सुचवली आहे. अशा अवस्थेतल्या निम्म्या बायका जितका काळ काढतात, त्या मधल्या काळाचा अंदाज डॉक्टरांकडून घ्यायचा. समजा तो दोन वर्षं निघाला. मग असं म्हणायचं: “दहातल्या साधारण एकीची तब्येत लवकर ढासळते, सहा महिन्यांच्या आतच. निम्म्या बायका एक ते चार वर्षांच्या मध्ये असतात. आणि दहातली एखादी सहा वर्षांच्याही पुढे जाते.” म्हणजे मधल्या काळाचा पाव हिस्सा, अर्ध्यापासून दुपटीपर्यंत, आणि तिप्पट.

यात वाईटाची तयारीही होते आणि चांगल्याची जागाही राहते. शेताची वाटणी, बँकेतलं नाव, मुलीचं लग्न हे कधी उरकायचं, याचा विचार करता येतो. ‘दोन वर्षं’ एवढंच सांगितलं तर घरचे तो दिवस कॅलेंडरवर शोधू लागतात.

समजलं की नाही, हे कसं ओळखायचं?

“कळलं का?” असं विचारू नये. आपल्याकडची माणसं मोठ्यांचा मान राखून “हो” म्हणतात. मी विचारते, “घरी गेल्यावर जाऊबाई विचारतील, काय म्हणाल्या मॅडम? तर तुम्ही काय सांगाल?” उत्तरात ‘पाच वर्षं दिली’, ‘पास झाले’, ‘काही होत नाही म्हणाल्या’ यातलं काही आलं, तर समजवण्यात माझीच चूक झालेली असते. मग टिंबांचा कागद पुन्हा पुढे ओढायचा.

केजच्या मावशीला हेच विचारलं. तिने कागदाची घडी उलगडली, थोडा वेळ पाहिला.

“सांगन की, पाच वर्षं म्हंजी मुदत न्हाई, मोजणीय. शंभरात पासष्ट ऱ्हातेत, पस्तीस जातेत, अन् मी कोणती ते कुणाला ठावं न्हाई.” मग जरा थांबून, “तिसरी केमो कवा हाय म्हणलात? पोराला तारीख लिहून द्या, त्यो इसरतो.”

मी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला तारीख लिहून दिली.